‘नो’ लिहायला कचरू नकोस

लीड्स

प्रिय सुहास,

ब्रिटनमधल्या नोकरीसाठी भरतोयस त्या फॉर्मचा स्क्रीनशॉट मिळाला. ‘राइट टू वर्क’चा, म्हणजे इथे काम करायच्या परवानगीचा प्रश्न फक्त आज तुझ्याकडे काय आहे एवढंच विचारतो. तू नाशिकला आहेस, पासपोर्ट भारतीय आणि इथला व्हिसा नाही, म्हणून सरळ ‘नो’. नोकरी लागली की व्हिसा होईलच, असं समजून ‘यस’ ठोकलंस तर रुजू होण्याआधी कंपनी कागद तपासते तेव्हा ते उघडं पडतं आणि हातची ऑफर जाते. त्याखालचा प्रश्न ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’, म्हणजे व्हिसासाठी कंपनीचं पाठबळ लागेल का, असा आहे, तिथे ‘यस’. आमच्या ऑफिसातला एक पोरगा इथे मास्टर्स करून ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. त्याला पहिल्यालाही ‘यस’ आणि दुसऱ्यालाही ‘यस’च लिहावं लागतं, कारण तो व्हिसा संपतो आणि वाढवून मिळत नाही.

‘नो’ पाहून बरेच अर्ज तिथेच बाद होतात, हे खरं. म्हणून अर्ज करण्याआधीच gov.uk वरच्या स्पॉन्सर यादीत कंपनी आहे का बघ. तिथे नोंदणीचं नाव असतं, दारावरच्या पाटीवरचं असेलच असं नाही. मग पगार बघ. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी साधारणपणे वर्षाला 41,700 पौंड, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, यातला जो जास्त तो लागतो. तू पाठवलेल्या जाहिरातीत 38,000 आहेत. सव्विशीच्या आतल्या पोरांना सवलत आहे, पण आपण ते वय कधीच ओलांडलंय! तू त्यांना कितीही आवडलास तरी त्या पगारावर त्यांना तुला आणता येणार नाही. ती सोड.

रिलोकेशनच्या रकान्यात नुसतं ‘यस’ लिहून भागणार नाही. तुझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे, तेव्हा तारीख मोघम ठेवू नकोस. असं लिही:

```
I will need Skilled Worker sponsorship. Notice period: 90 days.
Relocating with spouse and one child.
```

खर्चाचं मात्र ऑफर आल्यावर विचार. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. तीन वर्षांचा व्हिसा धरला तर तुम्हा दोघांचे 6,210 आणि चिऊचे 2,328, म्हणजे 8,538 पौंड, तेही अर्जासोबत एकरकमी. व्हिसाची फी वेगळीच. काही कंपन्या फक्त तुझा भाग भरतात, घरच्यांचा नाही, म्हणून हे लेखी घे. पण स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी आणि परदेशी माणूस नेमताना सरकारला द्यायचा स्किल्स चार्ज कंपनीनेच भरायचा असतो, तो तुझ्याकडून वसूल करायला बंदी आहे. त्या सर्टिफिकेटसाठी कुणी एजंट लाखांत पैसे मागू लागला, तर फोन ठेवून दे.

दुसऱ्या कंपनीचं नोंदणीचं नाव कळव, यादीत मीही बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंदार