सूचना: रॅगिंगविरोधी हमीपत्र वाचूनच भरा

सर्व पालकांस,

फोंडा, डिचोलीहून हॉस्टेलला निघालेल्या मुलांचे अर्ज सध्या सायबर कॅफेवालाच भरून देतो, असे दिसते. antiragging.in वरील हमीपत्र मात्र मुलासोबत बसून भरा, कारण पालकाचे हमीपत्र वेगळे असते. यूजीसीच्या 2009 च्या नियमांनुसार ते दरवर्षी द्यावे लागते. पहिल्या वर्षी दिले म्हणून पुढे सूट नाही.

त्यातले एक वाक्य नीट वाचा: कृतीने किंवा कृती न करण्यानेही रॅगिंगला हातभार लावणार नाही. समजा, खोलीत सीनियर्स एकाला नाचवत आहेत आणि तुमचा मुलगा दाराशी उभा राहून कोणी येते का ते पाहतो. त्याने बोटही लावले नसले, तरी ही साथ देणेच ठरते. दोषी नक्की कळले नाहीत, तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे.

पूर्वी कुठून काढून टाकलेले नाही, हेही आपण लिहून देतो. ते खोटे निघाले तर प्रवेश रद्द होऊ शकतो. पालकाच्या सहीमुळे पालकाला शिक्षा होत नाही. पण ‘आम्हाला नियम ठाऊक नव्हते’ ही सबब उरत नाही.

ईमेलवर आलेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा, कॉलेज तोच मागते.

— पालक गट समन्वयक