कोपरखैरणेच्या कबड्डीची आखणी करून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आभार फोनवर मानून झाले होते, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. स्पर्धा झाल्यापासून ऐरोली, घणसोली, कळव्याचे क्रीडाशिक्षक 'तो आखणीचा कागद पाठवा ना' म्हणून मागे लागलेत. कागद सगळ्यांना दिला. पण त्यावरचे आकडे तसेच का आहेत ते तुम्ही आमच्या स्टाफरूममध्ये बसून समजावलं होतं आणि ते कागदावर कुठेच नाही. तेवढं इथे मांडते.

आमच्याकडे सतरा वर्षांखालील मुलींच्या ११ शाळा आल्या होत्या. दोन मातीची मैदानं, दसऱ्यानंतरचे शनिवार-रविवार. मुख्याध्यापकांना साखळी पद्धत हवी होती. मुली लांबून येतात, एकच सामना खेळून परत कशा पाठवायच्या, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यांना नाही म्हणाला नाहीत, फक्त पेन्सिल पुढे केलीत. ११ संघांची पूर्ण साखळी म्हणजे ५५ सामने. तीन गट केले तरी गटातलेच १५, आणि त्यापुढे बाद फेरी. बाद पद्धतीत मात्र जितके संघ त्याहून एक कमी, म्हणजे १० सामने. मग एका सामन्याचा वेळ काढलात. १५-५-१५ची ३५ मिनिटं, दोन्ही संघांनी सगळे टाइम-आउट घेतले तर आणखी ४, आणि ओळखपत्रं तपासणं, नाणेफेक, एखादा मुरगळलेला पाय धरून ५०. मुख्याध्यापकांनी स्वतःच गुणाकार केला आणि साखळीचा विषय संपला. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पहिली फेरी न खेळताच पुढे चाल मिळालेला संघ पहिल्याच सामन्यात हरून घरी जातो, हे बाद पद्धतीचं दुखणं आहेच.

मग ड्रॉ. ११च्या पुढचा दोनाच्या घातातला आकडा १६, म्हणून ५ संघांना पुढे चाल, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. ती कुणाला द्यायची इथे गोंधळ होतो. ओळखीच्या शाळेला, यजमानांना, नाहीतर गेल्या वर्षीच्या विजेत्यांना देऊन मोकळे होतात. तुम्ही आधी चिठ्ठ्या टाकून ११ क्रमांक भरून घेतलेत आणि रेघ मारलीत. १ ते ६ वरचा अर्धा भाग, ७ ते ११ खालचा. पहिली पुढे चाल खालच्या भागातल्या शेवटच्याला, म्हणजे ११ला. दुसरी वरच्या भागातल्या पहिल्याला, १ला. तिसरी खालच्या भागातल्या पहिल्याला, ७ला. चौथी वरच्या भागातल्या शेवटच्याला, ६ला. पाचवी पुन्हा खाली, १०ला. उरले २ विरुद्ध ३, ४ विरुद्ध ५ आणि ८ विरुद्ध ९. पहिल्या फेरीत एवढे तीनच सामने, आणि उपांत्यपूर्व फेरीत बरोबर आठ संघ. हा क्रम ठरलेला असल्यामुळे 'त्यांनाच कशी पुढे चाल' असं विचारायला एकही संघ व्यवस्थापक आला नाही. चिठ्ठी त्यांच्याच मुलींनी उचललेली होती.

खरी गंमत पुढे होती. पावसासाठी मी वेगळं पान केलं होतं, 'पाऊस आल्यास' असं शीर्षक देऊन. तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, पाऊस किती वाजता येतो? मुंबईतून मोसमी पाऊस परतायची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्या सुमारास दिवसभराची रिपरिप नसते. सकाळी ऊन तापतं आणि दुपारनंतर गडगडाट करत सर येते. म्हणजे शनिवारचे सातही सामने दुपारच्या आत संपले पाहिजेत. वरचा भाग अ मैदानावर, खालचा ब मैदानावर. अ वर ८.३०ला २-३, ९.२०ला ४-५, १०.१०ला क्रमांक १चा सामना, ११ वाजता ६चा. ब वर ८.३०ला ८-९, ९.२०ला १०-११, १०.१०ला ७चा. अ मैदान ११.५०ला मोकळं, ब त्याआधीच. आधीच्या फेरीतून जिंकून आलेल्या प्रत्येक संघाला मध्ये एका सामन्याची विश्रांतीही मिळाली. रविवारी उपांत्य आणि अंतिम सामने सकाळीच ठेवलेत ते पावसापेक्षा ट्रान्स-हार्बरच्या मेगाब्लॉकच्या धास्तीने, हे मला घोषणा ऐकल्यावर कळलं.

पंचांचा हिशेब असाच. एका सामन्याला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक अशी सहा माणसं. दोन मैदानांना १२, आणि तुम्ही १४ बोलावलीत. जास्तीचे दोघे अशासाठी, की त्यात काही शाळांचे शिक्षकही होते आणि स्वतःच्या शाळेच्या सामन्यात कुणीच बसायचं नाही. पावसामुळे सभागृहात जायची वेळ आली तर एकाच मैदानावर हेच दोन चमू आलटून पालटून लागतील, माणसं नव्याने शोधावी लागणार नाहीत, हेही तुम्ही त्याच वेळी सांगितलं होतं.

सभागृहासाठी मॅट ठाण्याहून टेम्पोने आल्या, त्या तुमच्या शब्दावर. १२ बाय ८ मीटरच्या मैदानाला एक मीटरच्या ९६ मॅट पुरतात असं मी धरलं होतं. तुम्ही १४० मागवल्यात, चारही बाजूंना एकेक रांग जास्त, कारण पकडीत ढकललेली मुलगी रेषेवर थांबत नाही. पाऊस येवो न येवो, त्या शुक्रवारी संध्याकाळीच अंथरून घ्यायला लावल्यात. आणि पत्रकात एक ओळ घातलीत, ती मला सुचली नसती: प्रत्येक खेळाडूने सपाट तळाचे बूट, मोजे आणि पंचा सोबत आणावा. मातीवर मुली अनवाणी खेळतात. चिखलाच्या ओल्या पायांनी मॅटवर गेल्या तर पहिल्याच चढाईत वळताना पाय सटकतो, गुडघा जातो. आमच्याच संघातल्या चौघींकडे तसे बूट नव्हते, ते कळलं तेव्हा हाताशी आठवडा होता. चुना मात्र तुम्ही मैदानावर आणूच दिला नाहीत. ओला चुना डोळ्यात, खरचटलेल्या कोपरावर भाजतो, म्हणून रेषा रांगोळीने आखल्या. पुसल्या गेल्या तर पुन्हा ओढायला चार पिशव्या टेबलाखाली.

आता नियमांविषयी. आमच्या पत्रकात सामना थांबण्याबद्दल दोन वाक्यं होती. थांबा २० मिनिटांच्या आतला असेल आणि मैदान तेच असेल तर आहे त्या गुणांवरून पुढे. त्याहून जास्त झाला किंवा मैदान बदललं तर सामना शून्यापासून. तुम्ही खाली विजेचं कलम जोडलंत: गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणी बाहेर यायचं नाही. मग दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून म्हणालात, "३० हे २०पेक्षा मोठे आहेत. म्हणजे वीज कडाडली की सामना सभागृहातच जाणार. त्यावर चर्चा नको." नुसता पाऊस असेल तर मात्र टाचेची परीक्षा. टाच दाबून फिरवायची, खड्ड्यात पाणी वर आलं किंवा टाच घसरली तर मैदान बाद, नाहीतर भुसा आणि कोरडी माती टाकून सुरू. निर्णय एकट्या सरपंचांचा. सगळ्या व्यवस्थापकांच्या सह्या ड्रॉच्या दिवशीच घेतल्या.

शनिवारी १०.४०ला, दुपारची वाट न बघता, गडगडलं. मोबाइलवरच्या दामिनी अॅपनेही इशारा दिला, पण तोवर तुमची शिट्टी वाजली होती. अ मैदानावर मध्यंतर संपून दुसरा डाव सुरू होता, क्रमांक १चा संघ १९-१६ने पुढे. ब वरचाही सामना अर्ध्यात. मुली सभागृहात आल्या, पाय पुसले, बूट चढवले. उरलेले तीन सामने एकाच मैदानावर. मी म्हटलं, डाव १०-१० मिनिटांचे करू या का, पत्रकात सोय आहे. तुम्ही कागद माझ्यापुढे धरलात. वेळ कमी करायची तर संपूर्ण फेरीसाठी, आणि १०-११चा सामना याच फेरीतला, तो पूर्ण वेळेचा होऊन गेलेला. त्यामुळे १५-५-१५च. अर्धा सामना खेळून आलेल्या चारही संघांना दम मिळावा म्हणून ६चा सामना आधी, ११.३०ला. मग १२.२० आणि १.१०. दोनला सगळं आटोपलं. तोवर पुलाव पार गार झाला होता.

त्या १९-१६च्या संघाला पुन्हा शून्यापासून खेळावं लागलं आणि तो दोन गुणांनी हरला. त्यांच्या बाई रागावल्या होत्या, आणि त्यांच्या जागी मीही रागावले असते. तुम्ही त्यांना नियम वाचून दाखवला नाहीत, शेजारी बसून चहा घेतलात. त्यांनी तक्रार-अर्ज मागून घेतला होता, तो कोराच परत केला. हा नियम थोडा कठोर आहे असं मला अजून वाटतं. मॅटवर तेच गुण पुढे का चालू नयेत? तुमचं उत्तर माहीत आहे: मातीवर मिळवलेली आघाडी बुटांवर खेळणाऱ्या दुसऱ्या संघावर लादता येत नाही. मला ते निम्मंच पटलंय. यावर पुढच्या वर्षी ड्रॉच्या आधी भांडू.

मॅट मोजून १४० परत पाठवल्या आहेत. त्यातल्या दोन मॅटचे उचकटलेले दात इथेच चिकटवून घेतले, मॅट देणाऱ्या क्लबला तसं कळवलंय. तुमच्या पंचांचं मानधन आणि टेम्पोचं भाडं चुकतं झालं. तुमचं पाकीट तुम्ही शिपायाच्या हाती परत ठेवून गेलात, त्यावर मुख्याध्यापक स्वतः ठाण्याला येणार आहेत. घरी असाल तो दिवस कळवा.

तुमची,
कोपरखैरणेची क्रीडाशिक्षिका