मंत्रीसाहेब, उरलेला थिनर टाकायचा कुठे ते तरी सांगा

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. दिवाळीआधी रंगकाम उरकलं की पेंटर पैसे घेऊन जातो आणि बाल्कनीत राहतो अर्धा डबा ऑइलपेंट, ब्रश धुतलेला थिनर आणि मागच्या वर्षीचं झुरळांचं औषध. घंटागाडीवाला म्हणतो हे आमच्याकडे नाही, वॉर्ड ऑफिसला फोन केला तर म्हणाले भंगारात द्या. भंगारवाला पत्रा घेणार आणि आतला माल गटारात ओतणार, दुसरं काय करणार तो.

थिनर पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतो, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड म्हणून चेंबरमध्ये खालीच साचून राहते, तिथे कुणी विडी पेटवली तर भडका उडालाच समजा. घरात ठेवायचा तर आपल्याकडे हमखास पाण्याच्या बाटलीत ठेवतात, आणि ती पोराच्या हाती लागली की संपलं. त्यात लोक घाबरून उलटी करवतात, तेच करायचं नाही, कारण उलटीबरोबर ते फुफ्फुसात उतरतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आम्ही आमच्या परीने करतोय. वापरलेला थिनर मूळ डब्यातच झाकण घट्ट लावून काही दिवस न हलवता ठेवला की रंगाचा गाळ तळाला बसतो, वरचा बराचसा स्वच्छ थिनर पुढच्या ब्रशला चालतो. भिंतीचा पाण्यातला रंग उरला तर त्यात वाळू नाहीतर लाकडाचा भुसा घालून उघड्यावर सुकवायचा, त्याचा दगड होतो. पण थिनरचा गाळ, ऑइलपेंट आणि औषधाचे डबे? यांचं घरी काहीच करता येत नाही.

आणि गंमत बघा, 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की दर 20 चौरस किलोमीटरला असा घातक घरगुती कचरा घ्यायचं एक केंद्र हवं आणि त्याची वेळ लोकांना कळवायची. म्हणजे 100 चौरस किलोमीटरच्या शहरात पाच, फार नाहीत हो! पुढची सोयसुद्धा राज्यात आहे, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला कारखान्यांचा घातक कचरा जातोच की. अडलंय ते फक्त आमच्या दारापासून तिथपर्यंतचं.

केंद्र काढाल तेव्हा एक मोठा ड्रम ठेवून मोकळे होऊ नका. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो घेणाऱ्या कामगाराच्याच नाकात जाणार. रंग-थिनर, कीटकनाशक, ॲसिड, ब्लीच अशी चार वेगळी कपाटं, वर पत्र्याचं छप्पर, खाली सांडलेलं अडवणारा ट्रे आणि डबा उघडून ओतायला सक्त मनाई, माल आला तसा सीलबंद पुढे जायचा. सुरुवातीला महिन्यातला एक रविवार ठेवा, तारीख घंटागाडीच्या भोंग्यावर सांगा, गाण्याच्या जागी चालेल.

उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी