डब्याच्या पोस्टबद्दल सविस्तर

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार. तुझ्या जेवणाच्या डब्यांची, आठवड्याच्या मेनूची पोस्ट वाचली. फोनवर घाईत बोलण्यापेक्षा नीट लिहून कळवते, कारण ही पोस्ट म्हणजे गिऱ्हाइकाशी केलेला करारच असतो. पुढे काही वाद निघाला की लोक तीच उघडून दाखवतात.

आधी दर. तू नुसतं 'महिना २,२०० रुपये' लिहिलं आहेस. तुझ्याच आकड्यांवरून हिशेब केला. एका डब्याचा शिधा, भाजी, तेल मिळून ४५ रुपये. गॅस आणि भांडी घासण्याचे ८. पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंचे चार पोळ्यांचे १२. पोचवणाऱ्या मुलाचे १४. झाले ७९. महिन्यात रविवार सोडून २६ डबे धरले तर २,२०० रुपयांत डबा साधारण ८५ ला पडतो, म्हणजे तुझ्या हातात जेमतेम सहा रुपये उरतात. ज्या महिन्यात २७ डबे येतील त्या महिन्यात दोन-अडीच. टोमॅटो महागला की तेही गेले. म्हणून 'महिना' लिहूच नकोस. '२६ डबे, २,६०० रुपये' असं लिही. डबा शंभराला पडतो हे लोकांनाही कळतं, आणि कोणी १२ तारखेला सुरू केलं तरी घोळ होत नाही.

आता मेनू. सोमवारी मेथी, बुधवारी मटार असं नाव घेऊन लिहिलंस, ते बदल. मंडईत मटार कडाडला तरी मग तो घ्यावाच लागतो. जे घरात साठवता येतं त्याचं नाव लिही, जे रोज विकत आणायचं त्याचा नुसता प्रकार लिही. मी असं लिहीन: सोमवार पालेभाजी आणि मूगडाळीची आमटी, मंगळवार मटकीची उसळ, बुधवार फळभाजी आणि वरण, गुरुवार पिठलं आणि ठेचा, शुक्रवार हरभरा डाळ घालून दुधी किंवा दोडका, शनिवार मसालेभात, टोमॅटोचं सार आणि कोशिंबीर. शनिवार सोडून रोज चार पोळ्या आणि भात. पालेभाजी सोमवारी ठेवली, कारण रविवारी निवांत निवडून होते. गुरुवारी पिठलं, कारण तोवर फ्रीज रिकामा होतो आणि बेसन तर घरात असतंच.

भेंडी मात्र डब्यात देऊ नकोस. ताटात कितीही छान लागली तरी बंद डब्यात स्वतःच्याच वाफेनं चिकट होते. पोळ्यांचंही तेच. तव्यावरून थेट डब्यात गेल्या की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि खालची पोळी ओली होते. जाळीवर जरा वाफ जाऊ दे, मग कापडात गुंडाळून भर. आमटी-भात मात्र कढत असतानाच भर आणि लगेच रवाना कर. कोमट अन्न तासन्‌तास राहिलं की भात आधी आंबतो, झाकण उघडताच वास येतो.

'पाच किलोमीटरपर्यंत पोचवू' हेही काढ. अंतरापेक्षा वाट महत्त्वाची. तुझ्या तीन सोसायट्या आणि एक मुलींचं हॉस्टेल एकाच रस्त्यावर आहेत, तिथले ३० डबे पाऊण तासात वाटून होतात. नाल्यापलीकडचं एकच घर घेतलंस तर एका डब्यासाठी वीस मिनिटं जातात आणि मागचे सगळे उशिरा जेवतात. म्हणून लिही: 'याच रस्त्यावरच्या सोसायट्या, हॉस्टेल आणि ऑफिसं, डबा गेटवर १२ ते १२.४५ मध्ये.' गेट म्हणजे गेट, चौथ्या मजल्यावर नाही, हे आधीच स्पष्ट असू दे.

नोंदणीची पद्धत सोपी ठेव. आधी एक डबा चवीपुरता, ११० रुपये रोख. पसंत पडला तर नाव, इमारत, तिखट कमी की जास्त, एवढं मेसेजवर घ्यायचं. मग २,६०० आगाऊ यूपीआयनं, शिवाय दोन डब्यांचे ३०० अनामत, बंद करताना परत. एक डबा त्यांच्याकडे, एक तुझ्याकडे, रोज धुतलेला रिकामा घेऊन भरलेला द्यायचा. रिकामा आला नाही तर दुसऱ्या दिवशी भरायला डबाच नसतो, म्हणून ही अट ठळक लिही.

सुट्टीवरून सगळ्यात जास्त कटकट होते. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर तो डबा पुढे सरकेल, नंतर कळवलं तर दिलेला धरला जाईल, असं लिही. आठनंतर तू भाजी चिरायला बसतेस, म्हणून ही वेळ. पण सरकवायलाही हद्द हवी: २६ डबे ४० दिवसांत संपवायचे. नाहीतर कोणी दिवाळीला गावी जाऊन दोन महिन्यांनी उरलेले अकरा डबे मागतं, आणि तोवर तेलाचा भाव बदललेला असतो.

खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची नोंदणी झाली असेल तर तिचा चौदा आकडी क्रमांक पोस्टच्या तळाशी टाक. झाली नसेल तर पैसे घ्यायला लागण्याआधी ती करून घे. सुधारलेली पोस्ट रविवारी दुपारपर्यंत मला पाठव, म्हणजे संध्याकाळी लोकांना देता येईल.

तुझीच मैत्रीण