हिरवा दिवा लागला म्हणून पेटी लागली असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात पेटी शिकणाऱ्यांच्या घरी हल्ली मोबाइलवरचं ट्यूनर ॲप बघून पेटीतले पितळी सूर घासून घेतले जातात. त्यातून चांगल्या पेट्या बिघडताना दिसतात, म्हणून हे पत्र.

नौपाड्यातल्या एका विद्यार्थिनीची खर्ज-नर-नर पेटी घ्या, म्हणजे प्रत्येक पट्टीला खालच्या सप्तकाचा एक सूर आणि एकाच उंचीचे दोन नर असलेली. खर्ज बंद करून मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली, तर एकाच उंचीचे दोन सूर वाजतात. तिच्या पेटीत एक ४४० कंपनांचा होता, दुसरा ४४२ चा. कानाला सेकंदाला दोन लहरी, म्हणजे आवाजाचे चढउतार, स्पष्ट जाणवायच्या. ॲपवर मात्र काटा ४४१ च्या आसपास डुलत होता, म्हणजे चार सेंट चढा. (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) दुरुस्ती करणाऱ्याने दोन्ही सूर चार-चार सेंट उतरवले. आता ते ४३९ आणि ४४१ झाले. ॲपवर हिरवा दिवा लागला, पण लहरी होत्या तशाच राहिल्या. शिवाय जो सूर मुळात बरोबर होता, तोही उतरला.

यात ॲप खोटं बोललेलं नाही. फोन माइकमधून आवाजाचा छोटा तुकडा घेतो, साधारण दशांश सेकंदाचा. तो तुकडा स्वतःवरच थोडा थोडा सरकवून पाहतो आणि किती सरकवल्यावर लाट लाटेवर बसते ते शोधतो. ४४० साठी हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सव्वादोन पटीहून किंचित जास्त असतं. त्यावरून तो एक आकडा काढतो. आवाज एकाच तारेचा असेल, गिटारसारखा, तर ही रीत छान चालते. पण दोन कंपनांचा फरक असलेले दोन सूर वेगळे ओळखायचे, तर निदान अर्धा सेकंद सलग ऐकावं लागतं. एवढ्याशा तुकड्यात दोन्ही मिसळून एकच दिसतात आणि ॲप त्यांच्या मधलं काहीतरी दाखवतं. काटा ठरावीक लयीत डुलत असेल, तर दोन सूर वाजताहेत असं समजावं.

सुराची पितळी पट्टी टोकाकडे घासली की सूर चढतो, बुंध्याकडे घासली की उतरतो. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून माझा एवढा आग्रह आहे. एका नराचा खटका बंद करून दुसरा मोजावा, मग उलट करावं. भाता संथ आणि एकसारखा ठेवावा, कारण जोर दिला की सूर किंचित उतरतो, खर्जाचा जास्त. फोनमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद ठेवावी. ती बोलण्यासाठी केलेली असते आणि पेटीचा लांब, न बदलणारा सूर तिला गोंगाटच वाटतो.

एक नर ॲपवर लावून झाला की फोन बाजूला ठेवावा. दुसरा नर पहिल्याशी कानानेच जुळवावा: लहरी सेकंदाला दोन, मग एक, मग काही सेकंदांत एखादी, इतक्या मंदावेपर्यंत.

– एक हार्मोनियम शिक्षिका, नौपाडा, ठाणे