व्हॉट्सॲप कार्टवरून मागवलेले आंब्याचे बॉक्स चुकीच्या मापाचे पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री विभाग (पॅकिंग साहित्य)

विषय: दोन डझनच्या बॉक्सऐवजी एक डझनचे बॉक्स आल्याबाबत, बदली माल आणि कॅटलॉगमधली नावं दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. आंबा आम्ही घरीच पॅक करतो आणि पुण्या-मुंबईच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना थेट पाठवतो. त्यासाठी लागणारे पुठ्ठ्याचे बॉक्स यंदा आपल्या व्हॉट्सॲप कॅटलॉगवरून मागवले. ती ऑर्डर आपल्याकडे कशी वाचली गेली आणि त्यामुळे आमचं काय नुकसान झालं, हे सविस्तर लिहिते आहे. ही चूक एका माणसाची नाही, आपल्या पद्धतीची आहे. ती तशीच राहिली तर ऐन हंगामात आणखी कोणाच्या तरी बाबतीत हेच होणार.

आपल्या कॅटलॉगमध्ये "आंबा बॉक्स" या एकाच नावाच्या दोन वस्तू आहेत आणि दोन्हींना फोटोही एकच आहे. वस्तू उघडून खालचं वर्णन वाचलं तरच कळतं की एक गठ्ठा एक डझनच्या बॉक्सचा आहे आणि दुसरा दोन डझनच्या. दोन्ही गठ्ठ्यांत 25 नग. मी शनिवारी संध्याकाळी ऑर्डर पाठवली तेव्हा एक डझनच्या गठ्ठ्याचा भाव 950 रुपये होता आणि दोन डझनच्या गठ्ठ्याचा 1,100. मी दोन्ही वस्तू उघडून, वर्णन वाचून कार्टमध्ये टाकल्या: दोन डझनचे 4 गठ्ठे, एक डझनचे 2. बेरीज 6,300 रुपये आली. कार्ट पाठवलं आणि लगेच खाली स्वतंत्र मेसेजमध्ये लिहिलं, "मोठे, दोन डझनचे चार गठ्ठे, लहान दोन. गुरुवारपर्यंत हवेत." शिवाय पत्ता. आपल्याकडून उत्तर आलं, "ऑर्डर मिळाली, पेमेंट करा," सोबत क्यूआर कोड. मी 6,300 रुपये भरले. पैसे मिळाल्याचा आपला मेसेजही आहे.

सोमवारी आपण भाव वाढवले. एक डझनचा गठ्ठा 1,100 झाला आणि दोन डझनचा 1,250. भाव वाढवण्याबद्दल माझी तक्रार नाही, तो आपला हक्क आहे. घोळ झाला तो यापुढे. पाठवलेल्या कार्टमध्ये वस्तूचं नाव, फोटो, नग आणि पाठवतानाचा भाव एवढंच दिसतं. वर्णन दिसत नाही. त्यामुळे मंगळवारी माल भरताना आपल्या माणसासमोर चिठ्ठी होती ती अशी: आंबा बॉक्स 1,100, नग 4, आंबा बॉक्स 950, नग 2. त्याने नव्या भावपत्रकात 1,100 शोधलं, तिथे एक डझनचा गठ्ठा होता, तो चारदा भरला. 950 चं काहीच सापडलं नाही, म्हणून तिथेही एक डझनचेच दोन गठ्ठे नव्या भावाने लावले. बिल झालं 6,600 रुपयांचं. गाडी दारात आली तेव्हा ड्रायव्हर वरचे 300 रुपये मागू लागला. सहाही गठ्ठे एक डझनचे आहेत हे मला तेव्हा कळलं.

मी आपल्या गोदामात फोन केला. तिथल्या दादांनी नीट बोलून सगळं सांगितलं, म्हणूनच हा हिशेब मला उलगडला. पण कार्टच्या खाली लिहिलेला माझा मेसेज का वाचला नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे फक्त कार्ट उतरवून येतं. चॅट ऑफिसात असतं." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. एकदा कार्ट पाठवलं की ते गिऱ्हाइकाला बदलता येत नाही. काही स्पष्ट करायचं असेल तर खाली मेसेज लिहिणं एवढाच मार्ग उरतो, आणि तोच मेसेज माल भरणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आता नुकसान. आमच्या 100 मोठ्या बॉक्समध्ये 2,400 फळं जाणार होती आणि 50 लहान बॉक्समध्ये 600. मिळून 3,000 फळं त्या बेताने झाडावरून उतरवली होती. आलेल्या 150 लहान बॉक्समध्ये 1,800 बसली. 1,200 फळांना बॉक्सच नाही. आम्ही आंबा झेल्याने देठासकट काढतो, चीक गाळतो आणि कच्चाच पेंढ्यात भरून पाठवतो, म्हणजे तो वाटेत आणि गिऱ्हाइकाच्या घरी पिकतो. उरलेली फळं पडवीत पेंढ्यावर पसरून ठेवावी लागली. त्यांना तिथेच रंग धरला. रंग धरलेलं फळ पुण्याच्या गाडीत घालता येत नाही, दाबलं जातं. ते इथेच, मिळेल त्या भावाला विकावं लागलं. ज्यांना दोन डझनची पेटी कबूल केली होती त्यांना एक डझनच्या दोन पाठवल्या, त्याचं पार्सलचं भाडं आम्ही सोसलं.

माझ्या मागण्या अशा आहेत. एक डझनचे जादा आलेले चार गठ्ठे आमच्याकडे तसेच बांधलेले असते तर ते परत घ्या म्हटलं असतं, पण हंगाम थांबत नाही, ते वापरावे लागले. म्हणून दोन डझनचे चार गठ्ठे कबूल केलेल्या 1,100 रुपये भावाने, वाहतूक आपल्या खर्चाने पाठवावेत. वापरलेल्या चार गठ्ठ्यांचे, ऑर्डरच्या दिवशीच्या 950 भावाने 3,800 रुपये होतात. मी आधी भरलेल्या 6,300 मधले 4,400 याच चार गठ्ठ्यांच्या जागी घेतलेले आहेत, तेव्हा फरकाचे 600 रुपये नव्या मालात वळते करून घ्यावेत. ड्रायव्हरने मागितलेले 300 रुपये रद्द झाल्याचं लेखी कळवावं. दुहेरी पार्सलच्या भाड्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत, ती रक्कम भरून द्यावी.

आणि कॅटलॉग आजच सुधारावा. माप आणि नग वर्णनात नव्हे, नावातच लिहावेत: "आंबा बॉक्स 2 डझन, 25 नगांचा गठ्ठा". नाव कार्टमध्ये दिसतं, त्यामुळे भाव कितीही बदलला तरी चिठ्ठी चुकीची वाचली जाणार नाही. दोन मापांना दोन वेगळे फोटो लावावेत, शेजारी आंबे ठेवून. जो माल संपला असेल तो कॅटलॉगमधून लपवता येतो, तो लपवावा. पैसे मागण्याआधी प्रत्येक ओळ, माप आणि भाव चॅटमध्ये परत लिहून गिऱ्हाइकाचं "हो" घ्यावं, आणि कार्टबरोबर त्याखालचे मेसेजही गोदामात जावेत.

सोबत कार्टचा, माझ्या मेसेजचा आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट, आलेल्या गठ्ठ्यांचे फोटो व बिल पाठवत आहे. ही बाग आम्ही घरच्या माणसांनी पोटापाण्यासाठी चालवतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दाद मागण्याचा हक्क आम्हाला आहे. आठ दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. दोन डझनचे गठ्ठे मात्र त्याआधी हवेत, बागेच्या वरच्या भागातला आंबा अजून झाडावर आहे.

आपली ग्राहक,
एक बागायतदार, देवगड तालुका