टोटल टाइम टाकताना टी१, टी२ विसरू नका

मंडळी, ट्रायथलॉनचा फिनिश टाइम पाठवताना स्विम, बाइक, रनसोबत त्यांच्या मधल्या बदलाची टी१, टी२ ही दोन्ही ट्रान्झिशनपण मिळवा, घड्याळ तिथे थांबत नाही. आणि कॅल्क्युलेटरवर ३२.४५ असं पॉइंट देऊन बेरीज करू नका, मिनिटाचे सेकंद ६० असतात, १०० नाही.

हे बघा: स्विम ३२:४५, टी१ ३:२०, बाइक १:२१:५०, टी२ १:५५, रन ५४:३५. आधी फक्त सेकंद, २०५ येतात, म्हणजे ३ मिनिटं २५ सेकंद. मिनिटं १११, त्यात हातचे ३ धरून ११४, म्हणजे १ तास ५४, आणि बाइकचा १ तास. टोटल २:५४:२५. पॉइंटने केलं, बाइक ८१.५० धरून, तर १७३.०५ येतं, ते २:५३:०५ वाटतं, म्हणजे चक्क ८० सेकंद कमी, आणि तो टाइम खरा वाटतो म्हणून चूक लक्षातच येत नाही.